देशीच्या बाटलीतला कर कोण भरतो?

महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने १० जून २०२५ रोजी मद्यावरील उत्पादन शुल्क वाढविले, तेव्हा त्याचे समर्थन ठरलेल्या दोन वाक्यांत झाले. मद्य ही चैन आहे, म्हणून तिच्यावर कर हवा, हे पहिले. आणि कर वाढला की पिणे कमी होईल, हे दुसरे. त्याच निर्णयातून राज्याच्या तिजोरीत सुमारे १४ हजार कोटी रुपयांची भर पडेल, असेही सांगण्यात आले. पिणे कमी होणार असेल तर एवढी भर कोठून पडणार, आणि भर पडणार असेल तर पिणे फारसे कमी होणार नाही हे आधीच गृहीत धरले आहे काय, असा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. सरकारच्या बाजूच्यांनी विचारला नाही हे समजण्यासारखे आहे. पण एरवी ‘गरिबांवर कराचा बोजा’ म्हणून कंठशोष करणारे पुरोगामी पंडितही या विषयावर मौन बाळगून राहिले. दारूचा विषय निघाला की गरीब एकाएकी करदाता उरत नाही, तो केवळ ‘व्यसनी’ होतो.

हा कर नेमका कोण भरतो, हे पाहायचे असेल तर मुंबईतील परिषदांच्या सभागृहांपेक्षा हिंगोली जिल्ह्यातील एखाद्या गावच्या देशी दारूच्या दुकानापासून प्रारंभ करणे सोयीचे. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हा जिल्हा. औंढ्याच्या नागनाथाचा, नर्सीच्या नामदेवांचा, वसमतच्या हळदीचा. येथे मोठे कारखाने नाहीत, आयकर भरणाऱ्यांच्या रांगा नाहीत. सोयाबीन, हळद आणि कापसावर चालणारी घरे आहेत, आणि दिवाळी सरली की ऊसतोडीला निघणारी कुटुंबे आहेत. ‘आपण कुठे कर भरतो?’ असे म्हणणारा मोठा वर्ग येथे भेटतो. ते खरे नाही.

कराचे तीन स्वभाव असतात, आणि या जिल्ह्यातील माणसाच्या ओळखीच्या उदाहरणांनी ते उलगडतात. व्यवसाय कर घ्या. महाराष्ट्रात १९७५च्या अधिनियमाने आलेला हा कर नोकरदाराच्या पगारातून दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये असा कापला जातो. वर्षाचे २,५०० रुपये. राज्यघटनेच्या २७६व्या अनुच्छेदाने त्याची कमाल मर्यादाच तेवढी ठरविली आहे. आता एखाद्या तेलगिरणीत महिना ११ हजार मिळविणारा कामगार आणि महिना दीड लाख घेणारा अधिकारी, दोघेही तेच २,५०० भरतात. कामगाराच्या वर्षाच्या कमाईत ही रक्कम शेकडा १.९ होते, अधिकाऱ्याच्या कमाईत शेकडा ०.१४. रक्कम समान, भार मात्र तेरापटींहून अधिक असमान. उत्पन्न वाढत जाते तसा भार ज्यात घटत जातो, तो प्रतिगामी कर.

दुसरा स्वभाव प्रमाणशीर. हिंगोलीच्या बाजार समितीत हळद विकली की शेकडा ठरावीक दराने बाजार फी लागते. दहा पोत्यांच्या सौद्यावर जो दर, तोच हजार पोत्यांच्या सौद्यावर. नावाने ती ‘फी’ असली आणि ती खरेदीदाराने भरायची असली, तरी स्वभाव समजायला पुरेशी आहे. तिसरा स्वभाव प्रगतिशील, त्याचे उदाहरण आयकर. २०२५-२६च्या नव्या पद्धतीत चार लाखांपर्यंत काही नाही, पुढे ५, १०, १५ असे चढते टप्पे, आणि २४ लाखांपुढे ३० टक्के. बारा लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर सूट मिळून कर शून्य होतो. सोळा लाखांवर तो १ लाख २० हजार, म्हणजे साडेसात टक्के. चोवीस लाखांवर तीन लाख, म्हणजे साडेबारा टक्के. उत्पन्न दीडपट झाले, कर अडीचपट झाला.

या तीन शब्दांनी गोंधळ उडतो तो वस्तूंवरील करांच्या बाबतीत. वस्तू व सेवा कर साबणाच्या वडीवर सर्वांना एकाच दराने लागतो, म्हणून तो प्रमाणशीर आहे असे वाटते. खर्चाच्या मानाने तो तसा आहेही. पण मजूर आपली सारी मिळकत महिनाअखेर खर्चून टाकतो आणि अधिकारी तिच्यातला मोठा भाग शिलकीत टाकतो. शिलकीवर हा कर लागत नाही. म्हणून उत्पन्नाशी ताडून पाहिले की हाच कर प्रतिगामी ठरतो. कोणताही कर कशाच्या मानाने मोजला, हे विचारल्याशिवाय त्याला नाव देऊ नये. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत हे सांगतात. वर्तमानपत्रांच्या अग्रलेखांत क्वचितच.

आता बाटलीकडे येऊ. मद्य वस्तू व सेवा कराच्या कक्षेबाहेर आहे. मानवी सेवनासाठीच्या मद्यावर उत्पादन शुल्क बसविण्याचा अधिकार सातव्या अनुसूचीतील राज्य सूचीच्या ५१व्या नोंदीने राज्यांना दिला आहे, आणि १ जुलै २०१७ नंतर स्वतः दर ठरवावेत अशी जी मोजकी साधने राज्यांच्या हाती उरली, त्यांत हे एक मोठे. देशी दारूवरील शुल्क बाटलीवर नव्हे, प्रूफ लिटरवर मोजतात. ५७.१ टक्के मद्यार्क असलेले एक लिटर म्हणजे एक प्रूफ लिटर. जून २०२५च्या निर्णयाने देशीचा दर प्रूफ लिटरला १८० रुपयांवरून २०५ रुपये झाला आणि १८० मिलिलिटरच्या बाटलीची, म्हणजे दुकानात जिला ‘क्वार्टर’ म्हणतात तिची, किमान किरकोळ किंमत ८० रुपये ठरली.

हिशेब करू. ४२.८ टक्के तीव्रतेची, म्हणजे पाऊण प्रूफची क्वार्टर धरली तर तिच्यात ०.१३५ प्रूफ लिटर मद्य येते. २०५ने गुणले की २७ रुपये ६८ पैसे. पूर्वीच्या दराने ते २४ रुपये ३० पैसे होते. म्हणजे ज्या वाढीचा एवढा गाजावाजा झाला, ती देशीच्या एका क्वार्टरवर साडेतीन रुपयांची सुद्धा नाही. मूल्यवर्धित कर वेगळा, तो या हिशेबात धरलेला नाही.

आता सेनगाव तालुक्यातील एक शेतमजुराचे घर डोळ्यांसमोर आणा. नवऱ्याला दिवसाचे ४०० रुपये, महिन्यात वीस दिवस काम; बायकोला २५० रुपये, तिलाही वीस दिवस. घरात येतात १३ हजार. नवरा महिन्यात पंचवीस क्वार्टर पितो असे धरा; ज्यांना व्यसनी घरे ठाऊक आहेत त्यांना हा आकडा अतिशयोक्त वाटणार नाही. दारूवर गेले २,००० रुपये, त्यांतले उत्पादन शुल्क ६९२ रुपये. घराच्या मिळकतीचा शेकडा ५.३ इतका हा कर केवळ एका वस्तूपोटी आणि केवळ एका शुल्कापोटी जातो. सोळा लाख मिळविणाऱ्याचा आयकर साडेसात टक्के होता, हे येथे आठवावे. आयकर विभागाच्या दृष्टीने जे घर अस्तित्वातच नाही, ते घर असा कर भरते आहे.

त्याच तालुक्याच्या ठिकाणचा, महिना ९० हजार घेणारा एक अधिकारी. तो विदेशी पद्धतीची दारू घेतो. त्या प्रकारावरील शुल्क उत्पादन खर्चाच्या पटीत असते. लिटरमागे २६० रुपयांपर्यंत उत्पादन खर्च जाहीर केलेल्या मद्यावर ते जून २०२५मध्ये तिपटीवरून साडेचारपट झाले. क्वार्टरचा उत्पादन खर्च ३० रुपये धरला तर शुल्क १३५ रुपये, देशीच्या जवळजवळ पाचपट. महिन्याला दहा क्वार्टर घेतल्या तर १,३५० रुपये. मजुराहून दुप्पट रक्कम! पण पगाराच्या मानाने शेकडा दीड. बाटलीकडे पाहिले तर हा कर प्रगतिशील दिसतो, भारी बाटलीला भारी कर. घराकडे पाहिले तर तो प्रतिगामी आहे, आणि तोही तिपटीहून अधिक.

जुलै २०२४पासून ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेत अडीच लाखांपेक्षा कमी वार्षिक उत्पन्नाच्या कुटुंबातील स्त्रीच्या खात्यावर दरमहा १,५०० रुपये देण्याची तरतूद झाली. वरच्या घरातील स्त्री त्या निकषात बसते. एका हाताने तिला १,५०० आणि दुसऱ्या हाताने तिच्या नवऱ्याकडून ६९२. यात कोणाचे कपट आहे असे म्हणण्याचे कारण नाही, दोन खाती दोन वेगळ्या हेतूंनी काम करतात. पण चुलीपाशी दोन्ही हिशेब एकत्रच मांडले जातात.

मग सरकारे या दोन वस्तूंवरच एवढा कर का लावतात? पहिले कारण प्राचीन आहे आणि ते नीतीचे नाही. ज्या वस्तूची मागणी भावाने फारशी हलत नाही तिच्यावर कर लावला की वसुली निश्चित होते. मीठ, दारू, तंबाखू या साऱ्यांवर राज्यकर्त्यांची दृष्टी गेली ती यामुळे. कौटिल्याने ‘सुराध्यक्ष’ नेमला, राजाच्या मालकीबाहेरील मद्यविक्रीवर शेकडा पाच शुल्क सांगितले, आणि त्याचबरोबर मद्य थोड्या प्रमाणातच द्यावे, कामावरील माणसे त्याने बिघडू नयेत, अशी चिंताही व्यक्त केली. महसूल आणि मर्यादा दोन्ही एकाच अध्यक्षाच्या हाती! ॲडम स्मिथने १७७६मध्ये साखर, रम आणि तंबाखू या जीवनावश्यक नसलेल्या पण सर्वत्र खपणाऱ्या वस्तू करास योग्य ठरविल्या. हिंगोलीने तर हे अनुभवलेच आहे. निजामी राज्यात अबकारी हे महसुलाचे एक प्रमुख अंग होते, आणि येथील शेतकऱ्याने शेतसारा व अबकारी या दोन वाटांनी हैदराबादच्या खजिन्यात भर घातली.

दुसरे कारण विसाव्या शतकातले. इंग्रज अर्थशास्त्री पिगू याने १९२०मध्ये मांडले की, एखाद्याच्या उपभोगाची किंमत इतरांना मोजावी लागत असेल तर ती कराच्या रूपाने त्याच्याकडून वसूल करावी. दारूची किंमत पिणाऱ्याखेरीज कोण मोजते हे सांगायला नको: मारहाण सोसणारी पत्नी, शाळा सोडणारा मुलगा, रस्त्यावरचा अपघातग्रस्त, सरकारी रुग्णालय. तिसरे कारण म्हणजे परावृत्ती. भाव वाढला की नवा पोरगा सुरुवात करताना विचार करतो, आणि हातात पैसा कमी असणाराच वापर अधिक कमी करतो. हे तिसरे कारण जेथे लागू पडते तेथे प्रतिगामीपणाचा आक्षेप बराच गळून पडतो, कारण ज्याने सोडली त्याने कर भरलाच नाही, उलट त्याचे २,००० रुपये घरी राहिले. भार पडतो तो सुटू न शकलेल्यावर, आणि त्याहून त्याच्या घरावर.

मात्र परावृत्तीसाठी भाव खरोखर जाणवेल इतका वाढावा लागतो, आणि सर्व पर्यायांचा एकत्र वाढावा लागतो. साडेतीन रुपयांनी कोणी परावृत्त होत नाही. देशीवर अधिक का वाढविले नाही? कारण शेजारी हातभट्टी आहे. देशी फार महागली की गिऱ्हाईक तिकडे वळते, आणि तेथे कर नाही, तपासणी नाही, मिथेनॉल कोणी मोजत नाही. जून २०१५मध्ये मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मेली. ही भीती खरी आहे, तिची टवाळी करू नये. पण तिचे उत्तर हातभट्टीवर कारवाई हे आहे. ते काम अवघड म्हणून देशीचा दर खाली ठेवणे हे उत्तर नव्हे.

आणि ही भीती वरच्या टोकालाही असते, हे विशेष. नोव्हेंबर २०२१मध्ये, महाविकास आघाडीच्या काळात, आयात केलेल्या स्कॉच व्हिस्कीवरील शुल्क ३०० टक्क्यांवरून १५० टक्क्यांवर आणले गेले. कारण असे की परराज्यांतून चोरटी आवक होते, दर कमी केला तर अधिकृत विक्री वाढून उत्पन्न वाढेल. गरीब हातभट्टीकडे पळू शकतो म्हणून त्याला जपायचे, श्रीमंत दिल्लीहून बाटली आणू शकतो म्हणून त्यालाही जपायचे. कर कोठे वाढतो? जेथून पळता येत नाही तेथे. जून २०२५च्या वाढीचा मुख्य रोखही लिटरमागे २६० रुपयांपर्यंतच्या मद्यावर, म्हणजे मधल्या गिऱ्हाइकावर होता. शिवाय त्याच निर्णयात ‘महाराष्ट्र मेड लिकर’ हा धान्याधारित मद्याचा नवा वर्ग काढून त्याच्या क्वार्टरची किमान किंमत १४८ रुपये ठेवली गेली. विदेशी पद्धतीच्या मद्याची २०५. वरून घसरणाऱ्या गिऱ्हाइकाला झेलण्यासाठी मधे एक पायरी बांधली, असे म्हटले तर चुकणार नाही. जिथे पायरी असते तिथे माणूस दारू सोडत नाही, एक पायरी उतरतो.

तंबाखूची कथा याहून चमत्कारिक. २०१७पासून विडीवर २८ टक्के वस्तू व सेवा कर होता, उपकर नव्हता. वस्तू व सेवा कर परिषदेने सप्टेंबर २०२५मध्ये विडी १८ टक्क्यांवर आणि सिगारेट, खाण्याची तंबाखू आदी ४० टक्क्यांवर नेण्याचे ठरविले. १ फेब्रुवारी २०२६पासून ते अमलात आले. विडीला सूट का? सोलापूर, सिन्नर, निपाणीकडे विड्या वळणाऱ्या हजारो स्त्रियांच्या रोजगारासाठी, आणि विडी ही गरिबाची म्हणून. पहिले कारण गंभीर आहे, पण त्याचे उत्तर त्या स्त्रियांना दुसरा रोजगार देणे हे आहे. दुसरे कारण मात्र मुळातच उफराटे: गरिबाची फुप्फुसे स्वस्तात जाळू द्यावीत, याला करन्याय म्हणायचे? कराचा प्रतिगामीपणा घालविण्याचा हा मार्ग म्हणजे औषध कडू म्हणून रोग्याला गूळ देण्याचा प्रकार. शिवाय महाराष्ट्रात मूळ प्रश्न धुराचा नाहीच. २०१६-१७च्या राष्ट्रीय पाहणीत राज्यातील चारांपैकी एका प्रौढाहून अधिक जण तंबाखू वापरणारे आढळले, पण धूम्रपान करणारे शंभरात चारसुद्धा नव्हते. बाकी सारी तंबाखू चुन्याबरोबर मळून किंवा मशेरी होऊन तोंडात जाते. गुटख्यावर जुलै २०१२पासून राज्यात बंदी आहे. बंदी आहे म्हणून कर शून्य, आणि पानटपरीवर पुडी मात्र मिळतेच.

तेव्हा ‘कर प्रतिगामी आहे, म्हणून कमी करा’ हा डाव्यांचा आणि मद्य उत्पादकांचा समान युक्तिवाद (या दोघांचे एकमत क्वचितच होते) स्वीकारण्याचे कारण नाही. प्रतिगामीपणाची दुरुस्ती दर उतरवून होत नाही, वसूल झालेला पैसा कोठे जातो यावरून होते. आज उत्पादन शुल्काचा रुपया राज्याच्या एकत्रित निधीत जातो आणि तेथे त्याची ओळख पुसली जाते. तो पगारात गेला की पुलात, हे कोणी सांगू शकत नाही. थायलंडने २००१मध्ये दारू व तंबाखूवरील शुल्कावर आणखी २ टक्के अधिभार लावून तो थेट आरोग्यसंवर्धनाच्या एका स्वतंत्र निधीला दिला. महाराष्ट्रात केवळ जून २०२५च्या वाढीव १४ हजार कोटींवर तेवढा अधिभार बसविला तरी २८० कोटी होतात. छत्तीस जिल्ह्यांना समान वाटले तर प्रत्येकी पावणेआठ कोटी. हिंगोलीच्या जिल्हा रुग्णालयात व्यसनमुक्तीच्या खाटा, समुपदेशक आणि औषधे यांवर दरवर्षी एवढी रक्कम खर्च झाली, तर सेनगावच्या त्या मजुराने भरलेल्या ६९२ रुपयांतले काही त्याच्या घरी परत आले असे म्हणता येईल.

आणि एक गोष्ट कराच्या बाहेरची, पण याच विषयातली. मार्च २००८च्या शासन आदेशाने गावातील महिलांना दुकान बंद करण्याचा अधिकार दिला. २५ टक्के महिला मतदारांनी अर्ज केला की मतदान, ‘उभी बाटली’ की ‘आडवी बाटली’. पण दुकान बंद होण्यासाठी झालेल्या मतदानाच्या नव्हे, एकूण नोंदलेल्या महिला मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडावी लागतात. जी आली नाही तिचे मत आपोआप दुकानदाराच्या बाजूला. हिंगोलीच्या तांड्यांवरून आणि वाड्यांवरून दिवाळीनंतर शेकडो बायका नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जातात, त्या उन्हाळ्यातच परततात. अशा गावात डिसेंबरात मतदान लावले तर बाटली उभीच राहणार. आमदार-खासदारांच्या निवडणुकीत गैरहजर मतदाराला कोणाच्याही पारड्यात टाकत नाहीत. झालेल्या मतांच्या बहुमताचा साधा नियम येथेही लावावा, आणि मतदान ऊसतोड संपल्यावर, मे महिन्यात घ्यावे. यासाठी तिजोरीतून एक पैसाही लागत नाही. जाते ते फक्त त्या दुकानातून येणारे शुल्क.